बायडाबाईच्या शेळीनं खाल्लेली मेथी

हरणाबाईच्या खानावळीतली मेथी अख्ख्या कराडात एकाच जिवाला मनापासून आवडली, आणि तो जीव म्हणजे शेजारच्या बायडाबाईची शेळी. ही गोष्ट हरणाबाई स्वतःच सांगायची. कुणी म्हटलं, मावशी तुमच्या हाताला चव हाय हो, की ही लगेच म्हणायची, "व्हय तर. शेळीला इचारा."

पण ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी तिला हसू आलं नव्हतं. त्या दिवशी ती रडायची तेवढी राहिली होती.

झालं होतं असं. हरणाबाईचा नवरा नानासो मिलिटरीतून पेन्शनीवर आला आणि साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून लागला. तोवरची सगळी वर्षं हरणाबाईनं गावाकडं थोरल्या जावेच्या हाताखाली काढली होती. आक्काताई तिचं नाव. फडताळाची किल्ली तिच्या कमरेला, आणि कुणाच्या ताटात काय किती पडायचं हे तिच्या तोंडाला. नानासो वर्षातून एकदा रजेवर यायचा, बायकोशी चार शब्द बोलायचा आणि परत बिस्तरा बांधायचा. तो कायमचा आला तेव्हा हरणाबाईनं जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "आवं, आता आपुन कराडात ऱ्हायचं. मी खानावळ घालती." नव्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं गावात खोल्या घेऊन राहत होती आणि जेवणाला वणवण करत होती, हे तिनं बाजारात ऐकलं होतं.

आक्काताईनं निरोप देताना ओटीत नारळ घातला आणि वर म्हणाली, "जा बाई. दिवाळीला गेलीस तर शिमग्याला माघारी येशील. तुझी चूल पेटंस्तवर मान्सं झोपत्यात."

ते वाक्य हरणाबाईच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. खानावळ चालली नाही तर परत त्याच घरात जायचं, तीच किल्ली, तेच फडताळ, आणि वर आक्काताईचं ते गालातल्या गालात हसणं. त्यापेक्षा कृष्णेत उडी घेतलेली बरी, असं ती म्हणायची. मग लगेच म्हणायची, पण कृष्णा-कोयनेच्या संगमावर लय गर्दी असती, कुणीतरी काढंल बाहीर.

खानावळ चालली. पोरं आली, आपसात सांगून अजून पोरं आली. भाकरी बरी, आमटी झणझणीत, दोन खोल्यांत पंगत दाटीवाटीनं बसायची. मग थंडी पडली आणि नदीकाठच्या मळ्यांतून मेथी बाजारात आली. ढिगाऱ्यांनी आली. हरणाबाईचा जीव पेंढ्या बघून हरखला. आक्काताईच्या राज्यात तिला मेथी आपल्या मनानं कधी विकत घेता आली नव्हती. आता तिनं दोन्ही काखांत पेंढ्या धरून घर गाठलं आणि मेथी करायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. सोमवारी मेथी, बुधवारी मेथी, शुक्रवारी पुन्हा मेथी.

तिची रीत साधी होती. पेंढी सोडायची, माती झटकून धुवायची, पानं-देठं एकत्र विळीवर चरचर चिरायची, लसूण-मिरचीच्या फोडणीत टाकायची, वर झाकण ठेवायचं, उतरताना दाण्याचं कूट. देठ टाकायचे हे तिला माहीतच नव्हतं असं नाही, पण देठ टाकायला जीव होईना. विकत घेतलंय ना, मग खायचं. मग चिमूटभर भाजी हातावर घेऊन चाखायची आणि स्वतःलाच म्हणायची, "ब्येस झालीया."

पोरंही काही बोलत नव्हती. ताटं धुतल्यासारखी स्वच्छ यायची. हरणाबाई मनातल्या मनात आक्काताईला म्हणायची, बघ.

एका सकाळी बायडाबाई तांब्याभर दूध घेऊन दारात उभी राहिली. बायडाबाई म्हणजे मागच्या बोळातली शेजारीण, दूध विकणारी.

"हे घ्या. तुमच्याच मेथीचं हाय," ती म्हणाली.

"माझ्या मेथीचं?"

"तुमची पोरं मागच्या खिडकीतनं भाजी टाकत्यात न्हवं. आमची शेळी तितंच हुबी ऱ्हाती. लय दूध द्यायला लागलीया बघा. मिरची तेवढी फुर्र करून सोडती."

हरणाबाईनं तांब्या घेतला. ती म्हणाली, "बरं." नंतर ती हे सांगताना म्हणायची, शेळीचं दूध मी पयल्यांदाच प्याले, आन् ते मला कडू लागलं.

दुपारी तिनं धनाजीला गाठलं. धनाजी माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. पोरांत वयानं थोडा मोठा आणि स्वभावानं गरीब. पंगतीत भाकरी कमी पडली तर आपली अर्धी दुसऱ्यापुढं सारणारा.

"धनाजी, खरं सांग. माझी भाजी शेळीला घालताय व्हय?"

धनाजीनं ताटाकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. "मावशी, तसं न्हाई. भाकरी आमीच खातो. आमटी पण. मेथीच तेवढी... कडू लागती. लय कडू."

"मग बोलायचं न्हाई?"

"तुमी इतक्या कौतुकानं वाढता. कोण बोलणार."

आणि मग बिचाऱ्यानं उरलेलंही सांगून टाकलं. स्टँडजवळ नवं लॉज उघडलं होतं, तिथं जेवण मिळत होतं. पोरांचं ठरलं होतं की पहिल्या तारखेपासून तिकडं जायचं. सगळ्यांचं. तो स्वतः कुणाला थांबवू शकत नव्हता, आणि एकटा मागं राहिला तर मावशीची चूल एकट्यासाठी पेटणार कशी.

हरणाबाई आत आली, कढईतली भाजी बोटानं चाखली. कुठं कडू हाय, तिला काही कळेना. तिनं पुन्हा चाखली. संध्याकाळी नानासो कामावरून आला तशी त्याच्यापुढं ताटली ठेवली. "कडू हाय व्हय ही?"

नानासोनं घास घेतला, चावला, गिळला. "चांगली हाय," तो म्हणाला.

आता नवरा चांगली म्हणतो, आपल्या जिभेला चांगली लागते, आणि पोरं शेळीला घालतात. यातलं खोटं कोण, हे तिला उमजेना. पण पहिल्या तारखेला लॉजवर जाणार होती ती पोरं, नवरा नव्हे. म्हणून तिनं दुसरा प्रश्न विचारला.

"मिलिटरीत मेथी करत न्हवते का?"

"करायचे की. अंबाल्याला पराठा करायचे. लांगरी, म्हंजी तिथला आचारी, मेथीला मीठ चोळून ठेवायचा. घटकाभरानं हिरवं पाणी सुटायचं. मग मूठ दाबून पिळायचा. कडूपणा जायचा."

"इतकी वर्सं हे सांगितलं न्हाई?"

"तू इचारलं न्हाईस," नानासो म्हणाला आणि जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी हरणाबाईनं पराठ्याचा बेत केला. पराठा तिनं आधी बघितलासुद्धा नव्हता, पण भाकरी थापणाऱ्या हाताला लाटणं काय अवघड, असं तिला वाटलं. मेथी चिरली. मीठ चोळलं. चांगलं सढळ हातानं चोळलं, कारण कडूपणा बराच काढायचा होता. थोड्या वेळानं खरंच परातीत हिरवंगार पाणी सुटलं. तिनं मूठमूठ घेऊन कचकचून पिळलं, आणि खाली पाणी साचलेलं बघितलं.

इथंच घोळ झाला. ज्या बाईनं अर्धं आयुष्य जावेच्या हाताखाली काढलंय, तिच्या हातून काहीही फेकलं जात नाही. तांदळाचं धुवण म्हशीला, डाळीचं पाणी आमटीला, भाकरीचा करपटा कुत्र्याला. एवढं हिरवं पाणी मोरीत ओतायचं? जीव होईना. तिनं गव्हाचं पीठ घेतलं आणि त्याच पाण्यात मळलं. आणि पीठ मळताना मीठ घालतात म्हणून वर मीठही घातलं.

म्हणजे कडूपणा कष्टानं काढला आणि प्रेमानं परत आत घातला, ती सांगायची. "वर मिठाचा आहेर."

पोरांनी पहिला घास घेतला. मग एकेकानं तांब्याला हात घातला. रांजण रिकामा झाला. शेळी खिडकीत आली, तिनंही हुंगलं आणि मान फिरवली. हरणाबाईला त्या क्षणी शेळीचा जेवढा राग आला तेवढा उभ्या जन्मात आक्काताईचा आला नव्हता.

बायडाबाईनं शेळीला ओढून नेताना पराठ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. "आवं, हे मीठ हाय का मेथी?"

हरणाबाईनंही तुकडा चाखला. "मला तर बरोबर लागतंय."

बायडाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. हरणाबाईचे दात काळे होते, तिचेही काळे होते. दोघींच्याही कमरेला मिशरीची डबी. सकाळी उठल्या उठल्या, जेवल्यावर, काम संपल्यावर, मन लागेना म्हणून, आणि मन लागलं म्हणूनही जळक्या तंबाखूची मिशरी दाताला लावायची सवय लहानपणापासूनची. सैपाक चाखायची वेळ म्हणजे तर मिशरी तोंडात असायचीच.

"तुमची बी जीब गेली जनू," बायडाबाई म्हणाली. "माझी तर कवाच अर्धी गेली. म्हनून मी सैपाक सुनंकडं दिला. ती म्हनली, आत्याबाई, तुमी भाजीत मीठ घालू नका, तुमी शेळी बघा."

हरणाबाईनं पुन्हा एकदा पराठा चाखून बघितला. एवढी मोठी गोष्ट एवढ्या साध्या शब्दांत कुणी सांगावी याची तिला लाज वाटली, की सांगितली याचा दिलासा वाटला, हे तिलाच सांगता आलं नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईला चवच लागत नव्हती. आंधळ्यानं चष्मे विकावेत तसला प्रकार.

पण अजून ती मिशरी सोडायला तयार नव्हती. माणूस आधी भाजी बदलून बघतो, स्वतःला बदलायचं शेवटी ठेवतो. दुसऱ्या दिवशी तिनं नानासोला विचारून दुसरा उपाय केला: उकळत्या पाण्यात मेथी टाकायची, लगेच काढायची, गार पाण्यात घालायची, पिळायची आणि ते उकळीचं पाणी फेकायचं. नानासोनं "लगेच" हा शब्द दोनदा सांगितला होता. हरणाबाईनं मेथी टाकली, आणि तेवढ्यात बायडाबाईची हाक आली, शेळीनं कुणाची तरी चादर चघळली होती. दोघींनी मिळून चादर सोडवली, चादरवालीला समजावलं. परत आली तोवर मेथी शिजून नानासोच्या जुन्या युनिफॉर्मच्या रंगाची झाली होती. कडूपणा गेला होता. त्याच्याबरोबर मेथीपणाही गेला होता. गवत शिजवलं असतं तर निदान गवताची चव लागली असती. पोरांनी ते खाल्लं, कारण त्यात खाण्यासारखं काही नव्हतं आणि न खाण्यासारखंही काही नव्हतं. पण जेवल्यावर धनाजी आवरायला मागं थांबला आणि म्हणाला, "मावशी, उद्या महिन्याचा शेवटचा दिवस. पोरं परवापासनं तिकडं जाणार. मी सांगून ठेवतो, न सांगता जाणं बरं न्हाई."

त्या संध्याकाळी हरणाबाईनं कमरेची डबी सोडली आणि नानासोच्या हातात ठेवली. "ही तुमच्याजवळ ठेवा. उद्या ड्युटीवर घेऊन जावा. मी मागितली तरी दिऊ नगा."

नानासोनं डबी खाकी शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. बंदूक जमा करून घेतल्यासारखं.

सकाळी हरणाबाईचं डोकं ठणकत होतं. हात सारखा कमरेकडं जात होता. बाजारात पेंढीवाल्याशी ती इतकी भांडली की त्यानं एक पेंढी वर दिली आणि "जावा बाई" म्हणून सोडून दिलं. पण या वेळी तिनं मेथीबरोबर चाकवत आणि पालकही घेतला. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. माहेरी तिची आई चार पालेभाज्या एकत्र करायची, सगळ्यांना पुरावी म्हणून. चाकवत मवाळ, पालक मवाळ. मेथीच्या तोंडाला त्या दोघी आवर घालायच्या.

घरी येऊन तिनं मेथीचं एक पान तोडलं आणि नुसतंच चावलं.

कडू. जिभेच्या मागच्या टोकाला जाऊन बसलेलं, घोट घेतला तरी न हलणारं कडू. मग तिनं देठ चावला, तो पानाहून वाईट. हरणाबाई तशीच विळीपाशी बसून राहिली. हे ती आठवड्यातून तीनदा त्या पोरांना वाढत होती, आणि वर म्हणत होती, अजून घे रं, लाजू नगं. आणि ती पोरं "बास मावशी, पोट भरलं" म्हणायची आणि तिच्या मनाला लागू नये म्हणून चोरून खिडकीशी जायची. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि यातलं कुठलं मिशरीच्या तलफेचं होतं ते कळायला मार्ग नव्हता.

मग ती उठली. जाड देठ सगळे खुडले आणि एका बाजूला ठेवले, शेळीला. कोवळी पानं घेतली. भाजीच्या मेथीला उकळी फुटलेल्या पाण्यात बुडवलं आणि रंग नुसता उजळला तसं बाहेर काढलं. त्या वेळी बायडाबाईनं खरंच हाक मारली, पण हरणाबाईनं ऐकलं नाही. गार पाणी, हलकं पिळणं, उकळीचं पाणी मोरीत. पाणी वाहून जाताना तिनं तोंड फिरवलं, बघवेना म्हणून. चिरलेल्या चाकवत-पालकात ती मेथी मिसळली, लसूण जरा जास्त, आणि झाकण ठेवलं नाही.

पराठ्यासाठी मेथीला मीठ चोळलं, या वेळी बेताचं. पाणी सुटेपर्यंत थांबली. पिळलं. हिरवं पाणी फेकलं, म्हणजे ओतलं आणि "जा बाबा एकदाचं" म्हणाली. पीठ साध्या पाण्यानं मळलं, जरा घट्टच, कारण पिळलेली मेथीही मळताना अजून थोडं पाणी सोडते हे पहिल्या फजितीत शिकली होती. मीठ घालायच्या आधी पिठाचा कण चाखला. मीठ हवं तेवढं मेथीतच होतं. तिनं मिठाच्या भांड्यावर झाकण घातलं आणि भांडं उचलून लांब ठेवलं.

पंगत बसली. सगळ्यांची तोंडं पडलेली. जाणाऱ्यांची असतात तशी. हरणाबाईनं वाढलं आणि या वेळी "अजून घे" म्हटलं नाही. तव्याकडं तोंड करून उभी राहिली. पाठीमागं चावण्याचे आवाज येत होते. तिनं तव्यावरचा पराठा उलटला, खरं तर तो अजून झाला नव्हता.

"मावशी," कोणीतरी म्हणालं, "अजून हाय का?"

तिनं मागं वळून बघितलं. धनाजीची ताटली रिकामी होती. खिडकीशी कोणी गेलं नव्हतं. खिडकीत शेळी मात्र उभी होती, दोन पाय भिंतीला लावून, मान आत घालून, आणि तिच्याकडं कोणीही बघत नव्हतं. ती एकदा ओरडली, दुसऱ्यांदा ओरडली. हरणाबाईनं देठांची रास तिच्यापुढं टाकली. "तू खा. तुझं ठरलेलं हाय."

पोरं पहिल्या तारखेला लॉजवर गेली नाहीत. बायडाबाईनं मग महिनाभर तोंड फुगवलं, कारण शेळीचं दूध कमी झालं होतं.

त्या दिवशी नानासो उशिरा आला. हरणाबाईनं त्याच्यासाठी दोन पराठे झाकून ठेवले होते. तो बसला, त्यानं घास मोडला, खाल्ला. डबी खिशातून काढून तिच्यापुढं ठेवली.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

"एकदम अंबाल्याच्या लांगऱ्यासारखा," तो म्हणाला. आणि मग ताटाकडं बघत म्हणाला, "माझ्या वाटणीची मेथी उद्यापासनं पिळू नगंस."

"का? कडू लागंल की."

"लागू दे. अंबाल्याला रोज पिळलेलीच खाल्ली. वर्सातून एकदा रजेवर यायचो, तू मेथी वाढायचीस, ती कडू लागायची. मग वाटायचं, आलो घरी."

हरणाबाईनं मिशरीची डबी उघडली, बघितली आणि मिटली. मग विळी ओढली आणि उरलेल्या पेंढीतली चार काड्या मेथी, देठांसकट, नानासोसाठी वेगळी काढून ठेवली.